तीन पोळ्या, चार जण आणि ‘तीन छेद बारा’

प्रश्न साधा होता. तीन पोळ्या चार जणांत सारख्या वाटल्या, तर एकाला किती मिळेल? तिसरीतल्या एका मुलीने वहीत तीन गोल काढले, प्रत्येकाचे चार भाग केले आणि प्रत्येक गोलातला एकेक भाग निळ्या खडूने रंगवला. चित्रात खोट काढायला जागा नव्हती. खाली उत्तर लिहिलं होतं, ३/१२.

लाल पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. तिचं म्हणणं चूक कुठे होतं? तुकडे बारा झाले होते आणि तिच्या वाट्याला त्यातले तीन आले होते. तिन्ही पोळ्या मिळून ‘एक’ धरल्या, तर बारातले तीन हेच बरोबर उत्तर आहे. तो सगळ्याचा पाव हिस्सा होतो, आणि चौघांतल्या एकाला तेवढाच मिळायला हवा. मला हवं होतं ते ‘एका पोळीच्या मानाने किती’. पण तसं मी ना फळ्यावर लिहिलं होतं, ना तोंडाने म्हटलं होतं. ते माझ्या मनात होतं, आणि पोरीने माझ्या मनातलं ओळखावं अशी माझी अपेक्षा होती.

ही वही आली दुसऱ्या दिवशी सकाळी. अपूर्णांक शिकवायला घेतले त्या पहिल्या दिवशी काय झालं ते सांगितल्याशिवाय तिचा उलगडा होणार नाही.

वर्ग २८ मुलांचा, चौघाचौघांचे सात गट. घरून सहा पोळ्या नेल्या होत्या. त्या पुढे येणाऱ्या गटासाठी. बाकीच्यांना वर्तमानपत्राचे गोल, एकाच ताटलीभोवती पेन्सिल फिरवून कापलेले. ताटली एकच हवी. दोन वेगळ्या ताटल्या घेतल्या, तर एकीचा अर्धा आणि दुसरीचा अर्धा सारखे येत नाहीत, आणि ती चर्चा पहिल्याच दिवशी नको असते.

भाकरी नेऊ की पोळी, हा विचार मी आदल्या रात्री केला होता. आमच्याकडे पाव भाकरीला चतकोर म्हणतात. बहुतेक मुलांना शब्द ठाऊक असतो, त्यामुळे भाकरीचा मोह झाला. पण भाकरी दुमडत नाही, मोडते. पोळीला घडी पडते आणि मला पुढे कागदाकडे जायचं होतं. पोळी मऊ हवी, सकाळी केलेली असली तर उत्तम. शिळी पोळी घडीवर तडकते आणि फुलक्याचे दोन पापुद्रे सुटून मुलं त्यांनाच ‘दोन भाग’ म्हणायला लागतात.

आधी दोन पोळ्या चौघांत. अर्धी अर्धी, कुणाला काही अडलं नाही. मग एक पोळी चौघांत. पुढे आलेल्या मुलाने ती हाताने फाडली. चार तुकडे झाले, पण एक भला मोठा आणि एक नखाएवढा. लगेच भांडण. मी एकच नियम घातला: जो तोडेल तो शेवटी उचलेल. पुढच्या पोळीला त्याच मुलाने हात लावण्याआधी ती दुमडली, कडेवर कड बसवली, अंगठा घडीवरून फिरवला, पुन्हा दुमडली आणि मग घडीवर तोडली. ‘समान भाग’ हे दोन शब्द मी त्यानंतर उच्चारले. आधी उच्चारले असते तर मुलांनी ते पाठ केले असते, एवढंच.

मग तिसरा प्रश्न, तीन पोळ्या चौघांत. इथे मला दोन रीती दिसल्या आणि दोन्ही मी शिकवलेल्या नव्हत्या. चार गटांनी तिन्ही गोलांचे चार-चार भाग केले आणि प्रत्येकाने प्रत्येक गोलातला एक उचलला. उरलेल्या तीन गटांनी घरी करतात तसं केलं. दोन पोळ्यांचे अर्धे करून चौघांना एकेक अर्धी दिली, मग उरलेल्या एकीचे चार भाग करून एकेक चतकोर वाढली. पहिल्या रीतीत मुलाच्या हातात तीन पाव, दुसऱ्या रीतीत एक अर्धा आणि एक पाव. “कुणाला जास्त मिळालं?” असं विचारल्यावर वर्ग सरळ दोन भागांत फुटला. तीन तुकडेवाले म्हणाले, आम्हाला तीन मिळाले. अर्धीवाले म्हणाले, आमचा तुकडा मोठा आहे. दोघांचे तुकडे एकमेकांवर ठेवून पाहिले, तेव्हा अर्ध्या गोलावर दोन पाव नेमके बसले. वाद मिटला.

तास संपायला पाच मिनिटं उरली होती. मी घाई केली आणि फळ्यावर १/२, १/४ लिहून ‘खालचा आकडा म्हणजे किती भाग केले, वरचा म्हणजे किती घेतले’ असं सांगून टाकलं. घरचा अभ्यास म्हणून तोच तीन पोळ्यांचा प्रश्न दिला. आता ३/१२ कुठून आलं ते दिसतं. किती भाग केले? बारा. किती घेतले? तीन. मुलीने माझं वाक्य तंतोतंत पाळलं होतं. वाक्यच अपुरं होतं, ‘एकाचे’ किती भाग केले हे त्यात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला पुढे बोलावलं, उत्तर चूक आहे असं न म्हणता. एक अख्खा गोल टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “ही एक पोळी. तुझे तीन तुकडे हिच्यावर मांड.” तिने मांडले. तीन कोपरे झाकले गेले, एक उघडा राहिला.

“किती उघडं राहिलं?”

“चतकोर.”

“मग तुला किती मिळाली?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “चतकोर कमी एक पोळी, बाई.”

मला हे उत्तर तीन छेद चारपेक्षा जास्त आवडलं, कारण ‘पाऊण’ शब्दाच्या पोटात नेमकं हेच आहे. पाव आणि ऊन, म्हणजे पाव कमी. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. मुलं घड्याळात पावणेपाच रोज ऐकतात, पण त्यात ‘कमी’ दडलंय हे त्यांच्या कानाला लागत नाही. त्या दिवशी लागलं. आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच अशी स्वतंत्र नावं आहेत, जुन्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढेच असायचे. पाढे परत आणा असं मी म्हणत नाही. पण नाव आधी आणि चिन्ह नंतर, हा क्रम मी आता सोडत नाही. एक अडचण मात्र येते. ‘पाव’ म्हटलं की दोन-तीन जणांना वडापाव आठवतो आणि वर्ग हसतो. हसू द्यावं आणि ‘पाव किलो’वर यावं.

त्यानंतर एक सवय लावली. कुठलाही अपूर्णांक एकटा बोलायचा नाही. ‘पाव’ नाही, ‘पाव पोळी’. ‘अर्धा’ नाही, ‘अर्धा कागद’. फळ्यावर ३/४ लिहिलं की त्याच्यापुढे ‘एका पोळीचे’ लिहायचं. मीच विसरले तर मुलं ओरडायची, “कशाचे, बाई?”

कागदाकडे वळण्याआधी डब्यातला एक किस्सा सांगायला हवा. मधल्या सुट्टीत एका मुलाने डब्यातून चार पदरी घडी घातलेली पोळी काढली, त्रिकोणी, आपण सगळे ठेवतो तशी. वर करून म्हणाला, “ही पाव पोळी.” शेजारचा म्हणाला, “अख्खी आहे.” दोघं माझ्याकडे आले. मी पोळी उलगडायला सांगितली. उलगडली, तर अख्खी पोळी आणि तिच्यावर मधोमध छेदणाऱ्या दोन घड्या. घडी घातल्याने पोळी कमी होत नाही, फक्त पदर एकावर एक येतात. गंमत वाटेल, पण हा गोंधळ कागदाच्या कामात पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. घडी घातलेला कागद लहान दिसतो म्हणून मूल त्यालाच ‘पाव कागद’ म्हणतं. म्हणून माझा नियम: घडी घाला, उलगडा, मग मोजा. घडीत असताना मोजायचं नाही.

दुसऱ्या दिवसाचा तास कागदाचा. छपाईचा जुना ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. एका कोपऱ्यापासून तिरका दुमडून उरलेली पट्टी कापली की २१ सेंटिमीटरचा चौरस मिळतो. प्रत्येकाला असे दोन चौरस दिले. सांगितलं एवढंच, अर्धा करा.

कुणी उभा दुमडला, कुणी आडवा, आठ-नऊ जणांनी कोपऱ्यावर कोपरा आणून त्रिकोण केला. मी आयताचा अर्धा आणि त्रिकोणाचा अर्धा शेजारी धरले. “यातला मोठा कुठला?” बहुतेकांचं मत त्रिकोण, कारण त्याची तिरकी बाजू लांब दिसते. “दोन्ही अर्धेच आहेत ना, मग सारखेच” असं फक्त तिघे म्हणाले. बाकीच्यांना ते पटलं नाही, आणि न पटणं रास्तच आहे. सारखे भाग म्हणजे सारख्या आकाराचे भाग, असंच तर आदल्या दिवशी पोळीवर दिसलं होतं.

हे कात्रीने पटवता येतं. त्रिकोणी अर्धा घ्यायचा आणि पुन्हा मधोमध दुमडून घडीवर कापायचा. दोन लहान त्रिकोण मिळतात. त्यांची लांब बाजू २१ सेंटिमीटर, म्हणजे आयताकृती अर्ध्याच्या लांबीएवढी. एक त्रिकोण लांब बाजू टेकवून आयतावर ठेवला, की त्याचं टोक समोरच्या बाजूच्या बरोबर मध्यावर लागतं आणि दोन कोपरे रिकामे राहतात. दुसऱ्या त्रिकोणाला पुन्हा मधोमध दुमडून कापलं, की त्याचे दोन तुकडे त्या दोन कोपऱ्यांत बसतात. आयत पुरा झाकला जातो, तसूभर उरत नाही. मी हे एकदा करून दाखवलं, मग दोघांना करायला दिलं. पहिल्या मुलाचा कोपरा दोन मिलिमीटर बाहेर राहिला, कारण त्याची मूळ घडीच तिरकी होती. तो म्हणाला, “बघा, सारखं नाही.” त्याच्याशी वाद न घालता दुसरा चौरस दिला आणि घडीवर पट्टीची कड फिरवायला सांगितली. दुसऱ्या वेळी बसलं. कागदाच्या कामात बहुतेक ‘गणिती’ चुका अशा घडीच्याच असतात, आणि त्या ओळखायची खूण म्हणजे कडा. कडा जुळल्या नसतील तर पुढचं काही बोलू नये.

मग घड्या आणि भाग. एक घडी, दोन भाग. दोन घड्या, चार भाग. “तिसरी घातली तर?” जवळपास सगळा वर्ग म्हणाला, सहा. दोन, चार, सहा असा पाढा त्यांच्या जिभेवर तयार होता. उलगडल्यावर आठ निघाले, तेव्हा दोन-तीन जणांनी माझ्याकडे मी काही लबाडी केली असावी अशा नजरेने पाहिलं. मी कागद परत दुमडला आणि प्रत्येक घडीला पदर मोजायला लावले. नवी घडी प्रत्येक पदराला दुमडते, म्हणून प्रत्येक भागाचे दोन होतात. एका मुलीने याच वेळी विचारलं की मग तीन भाग कसे करायचे. प्रश्न खरा अवघड आहे. अर्ध्यावर अर्धं करत गेलं तर तीन कधीच येत नाहीत. त्यासाठी लांब पट्टी घ्यावी, मी २४ सेंटिमीटरची घेते, आणि डावं टोक आत, उजवं टोक त्याच्यावर असं सरकवत तिन्ही पदर सारखे होईपर्यंत हलवावं. दाब शेवटी द्यायचा. गोलाचे तीन भाग मात्र तिसरीत मुलांना घडीने करायला देऊ नयेत. तिथे मुलांचा वेळ आणि धीर दोन्ही जातात.

आठवा भाग पावापेक्षा मोठा, कारण आठ चारपेक्षा मोठे, हा नेहमीचा घोळही झाला. तो पोळीनेच सुटला. “पोळी एकच आहे. चौघांत वाटलेली हवी की आठांत?” भुकेल्या पोराला याचं उत्तर द्यायला वेळ लागत नाही.

आता कार्यपत्रिका, आणि इथे माझी दुसरी चूक. तिसऱ्या दिवशी दिलेली पहिली कार्यपत्रिका ‘जोड्या लावा’ची होती. डावीकडे पाच चित्रं, उजवीकडे पाच नावं. जवळपास सगळ्यांचे सगळे बरोबर आले. मी खूश झाले आणि सहज एका मुलाला विचारलं, हे चित्र पाऊण का? तो म्हणाला, “बाकी सगळे लागले, हाच उरला.” चित्रं आणि नावं सारख्या संख्येची असली की शेवटची जोडी फुकट मिळते, आणि चार कळली की पाचवी कळल्यासारखी दिसते. शिवाय सगळी चित्रं वर्तुळाची होती आणि रंगवलेले भाग शेजारीशेजारी होते. चित्राची ठेवण लक्षात ठेवूनही जोड्या लागत होत्या.

दुसरी कार्यपत्रिका रात्री बसून बदलली. ती अशी.

डावीकडे चित्रं:

क. चौरस, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक रेघ, एक भाग रंगवलेला.
ख. पट्टी, चार समान भाग, तीन रंगवलेले.
ग. गोल, मध्यात काटकोनात छेदणाऱ्या दोन रेघा, एक भाग रंगवलेला.
घ. गोल, सारख्या अंतरावर तीन उभ्या रेघा, कडेचा एक भाग रंगवलेला.
च. चौरस, आठ समान भाग, दोन रंगवलेले.
छ. पट्टी, चार समान भाग, पहिला आणि तिसरा रंगवलेले.

उजवीकडे:

अर्धा (१/२)
पाव (१/४)
पाऊण (३/४)
एक तृतीयांश (१/३)
यातलं काहीच नाही

सूचना: एका नावाला दोन चित्रं जोडता येतील. एखाद्या नावाला एकही चित्र नसेल.

उत्तरं: क आणि छ अर्धा, ख पाऊण, ग आणि च पाव, घ काहीच नाही. एक तृतीयांश रिकामा राहतो. तो मुद्दाम ठेवला होता.

त्याखाली दोन प्रश्न. पहिला: ही रंगवलेली पट्टी म्हणजे पाव पट्टी आहे, पूर्ण पट्टी काढा. दुसरा: तीन पोळ्या चौघांत सारख्या वाटल्या, प्रत्येकाला एका पोळीचे किती मिळाले, आधी शब्दांत आणि मग चिन्हात लिहा.

या कार्यपत्रिकेत बरोबर उत्तरं मोजण्यापेक्षा चुकीची जोडी कुठे गेली ते पाहायचं असतं. ‘ग’ची रेघ एक तृतीयांशाकडे गेली असेल, तर मूल रंगवलेला एक आणि न रंगवलेले तीन अशी तुलना करतंय, पूर्ण गोल त्याच्या नजरेत नाही. माझ्या वर्गात असे पाच होते, आणि त्यातल्या एकानेही पहिल्या कार्यपत्रिकेत चूक केली नव्हती. ‘घ’ पावाला जोडला असेल, तर मूल भागांची संख्या मोजतंय, समानता पाहत नाही. हे जवळपास निम्म्या वर्गाने केलं. मी तसा गोल कापून कडेचा तुकडा मधल्या तुकड्यावर ठेवायला दिला. कडेचा तुकडा मधल्यात बुडून गेला. कागदावर रेघा सारख्या अंतरावर असल्या, तरी गोलात भाग सारखे होत नाहीत, हे पोळी फाडणाऱ्या मुलाच्या लगेच लक्षात आलं. ‘च’ चुकला तर घाबरायचं कारण नाही. दोन अष्टमांश आणि पाव एकच, हे इतक्यात सगळ्यांना कळावं अशी अपेक्षा नव्हती. ज्यांना जमलं त्यांनी मनातल्या मनात एक घडी उलगडली होती.

पट्टी पूर्ण करण्याच्या प्रश्नात काही जणांनी दिलेल्या तुकड्यालाच चार रेघा मारल्या. ‘पाव’ ऐकलं की चार भाग करायचे, एवढंच हाताला ठाऊक झालं होतं. त्यांना मी दिलेल्या तुकड्याएवढे कागदाचे तुकडे कापून दिले आणि विचारलं, असे किती ठेवले की अख्खी पट्टी होईल? तिघांना लगेच जमलं, एकाला नाही. त्याच्याबरोबर मी पुन्हा पोळीवर गेले, चतकोर हातात देऊन अख्खी पोळी मांडायला लावली.

निळ्या खडूवाल्या मुलीने शेवटच्या प्रश्नाखाली लिहिलं: ‘चतकोर कमी एक पोळी. ३/४ एका पोळीचे. ३/१२ सगळ्यांचे.’ तिसरं वाक्य मी सांगितलेलं नव्हतं. त्याच्यापुढे खूण केली आणि वही परत दिली.

ते पाच जण, ज्यांची ‘ग’ची रेघ एक तृतीयांशाला गेली होती, त्यांच्याबरोबर पुढच्या आठवड्यात रोज दहा मिनिटं बसले. रंगवायचं काम पूर्ण बंद ठेवलं. रंग दिला की त्यांचं लक्ष रंगलेलं आणि कोरं या जोडीकडे जातं. त्याऐवजी एक अख्खा गोल खाली ठेवायचा आणि त्याच्यावर फक्त तुकडे मांडायचे. तिघांचं बोट आता आधी अख्ख्या गोलाभोवती फिरतं आणि मग तुकड्यावर येतं. दोघांचं अजून सरळ तुकड्यावर जातं.